मीटर मर्यादेत, घर मात्र खचलं

शेजारच्या प्लॉटवर पाइल म्हणजे जमिनीत खोल रोवायचे खांब ठोकायला सुरुवात झाली की घरातल्या कपाटाच्या काचा वाजू लागतात. मग कुणीतरी तक्रार करतं. दोन दिवसांनी भिंतीच्या पायाशी कंपन मोजणाऱ्या मीटरची एक छोटी पेटी येऊन बसते आणि काम संपल्यावर अहवाल येतो : ‘नोंदवलेली कंपनं अनुज्ञेय मर्यादेत होती.’ तेवढ्या एका वाक्यावर तक्रार निकाली निघते. भिंतीला तडा गेलेला असेल, तर तो आधीपासूनचाच होता, असं गृहीत धरलं जातं.

हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं, हे मी सुरुवातीलाच मान्य करतो. माझी हरकत त्याच्या खरेपणाला नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते पुढे केलं जातं, त्या प्रश्नाचं ते उत्तरच नसतं, ही माझी हरकत आहे. विशेषतः घर सैल वाळूवर उभं असेल तेव्हा.

आधी ही मर्यादा कशाची असते ते पाहू. जमिनीतून लाट जाते तेव्हा जमिनीचा प्रत्येक कण जागच्या जागी पुढेमागे, वरखाली हलतो. त्या हलण्याचा सर्वाधिक वेग मिलिमीटर प्रति सेकंदात मोजतात. लाट किती वेगाने पुढे सरकते हा आकडा वेगळा. तो सेकंदाला शेकडो मीटर असतो. कणाचा वेग मात्र पाच, दहा, फार तर पन्नास मिलिमीटर. इमारतीचं नुकसान आणि हा कणवेग यांचा संबंध बऱ्यापैकी जुळतो, म्हणून जगभरची मानकं त्यावर उभी आहेत.

जर्मनीच्या डीआयएन ४१५०-३ या मानकात राहत्या घरांच्या पायाशी, थोडा वेळ टिकणाऱ्या कंपनांसाठी, १० हर्ट्झपर्यंत म्हणजे सेकंदाला दहा आवर्तनांपर्यंत ५ मिमी/सेकंद हे मार्गदर्शक मूल्य आहे. ५० हर्ट्झपर्यंत ते १५ वर आणि १०० हर्ट्झपर्यंत २० वर चढत जातं. ब्रिटिश मानक बीएस ७३८५-२ त्याहून बरंच सैल आहे. साध्या विटांच्या घरांना ४ हर्ट्झला १५ मिमी/सेकंद आणि ४० हर्ट्झच्या वर थेट ५०. दोन्ही देशांच्या विटांत एवढा फरक नक्कीच नाही. फरक हेतूत आहे. जर्मन आकडा ‘याच्या आत असाल तर नुकसान होणार नाही असं धरून चला’ असं सांगतो. ब्रिटिश आकडा ‘याच्या वर गेलात तर प्लास्टरला केसासारख्या भेगा पडण्याची शक्यता सुरू होते’ असं सांगतो. करारात यांपैकी कुठलाही एक आकडा उचलून ‘मर्यादा’ म्हणून लिहिला जातो आणि हा हेतू मागेच राहतो.

वारंवारितेचा मुद्दाही इथेच समजून घेतला पाहिजे. छोट्या घराचा सांगाडा साधारण ४ ते १२ हर्ट्झला डोलतो आणि भिंतींचे मधले भाग त्याहून थोड्या वरच्या वारंवारितेला. जमीन त्याच तालावर हलली की घर ती हालचाल वाढवून घेतं. त्यामुळे ९ मिमी/सेकंदाचा धक्का ३५ हर्ट्झला असेल तर जर्मन मानकात बसतो आणि ८ हर्ट्झला असेल तर जवळपास दुप्पट मोठा ठरतो. अहवालात नुसता वेग असेल आणि वारंवारिता नसेल, तर तो अहवाल अर्धाच आहे.

आता खरी अडचण. यांतले बरेच आकडे सुरुंगांच्या अभ्यासातून आले आहेत. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सचा १९८० सालचा, आरआय ८५०७ या क्रमांकाचा अहवाल आजही जगभर आधाराला घेतला जातो. कमी वारंवारितेला जुन्या प्लास्टरच्या घरांसाठी १२.७ मिमी/सेकंद ही मर्यादा त्यातलीच. तो अभ्यास उघड्या खाणींतल्या स्फोटांजवळच्या घरांचा होता. सुरुंग उडतो, एखाद-दोन सेकंद जमीन हलते आणि दिवसभर शांतता असते. पाइल ठोकण्याचं काम तसं नसतं.

फरक किती पडतो ते त्याच ब्युरोने पुढे एका घरावर तपासलं. यंत्राने घर हलवत ठेवलं, आणि १२.७ मिमी/सेकंदाच्या तोडीचं हलणं साधारण ५६,००० आवर्तनं झाल्यावर जिप्सम फलकांच्या सांध्यांवर पहिल्या भेगा दिसल्या. खाणीशेजारच्या घराला एवढी आवर्तनं गाठायला कित्येक वर्षं लागतील, म्हणून हा निष्कर्ष दिलासा देणाराच होता. पण समजा, शीट पाइल म्हणजे खोदकामाच्या कडेला रोवायचे पोलादी पत्रे कंपक हॅमरने घालायचे आहेत. हॅमर २८ हर्ट्झला चालतो आणि एक पत्रा खाली जायला दहा मिनिटं लागतात. म्हणजे एका पत्र्यामागे १६,८०० आवर्तनं. चौथा पत्रा उतरण्याआधीच ५६,००० चा आकडा ओलांडलेला असतो. अर्थात घराशी वेग १२.७ पेक्षा बराच कमी असेल, त्यामुळे दोन्ही सरळ एकमेकांसमोर ठेवता येत नाहीत. पण सुरुंगाचा आकडा पाइलच्या कामाला तसाच चिकटवता येत नाही, एवढं यातून दिसतं.

सतत चालणाऱ्या कंपनांनी अनुनाद होत असेल, म्हणजे घराच्या तालाशी जुळून हालचाल वाढत असेल, तर ब्रिटिश मानक आकडे निम्म्यापर्यंत खाली आणायची सूचना देतं. स्वीडनने तर दोन स्वतंत्र मानकं केली. सुरुंगांसाठी सुरुवातीचा आकडा खडकावर ७० मिमी/सेकंद आणि चिकणमातीवर १८. पाइल ठोकण्यासाठी खडकावर १५ आणि मातीवर ९. मग इमारतीचा प्रकार, बांधकामाचं साहित्य, पाया यांचे गुणक लावायचे. जमीन कुठली आणि काम कुठलं, हे दोन्ही प्रश्न तिथे आकड्याच्या आधी विचारले जातात. मला हीच पद्धत शहाणपणाची वाटते.

पण समजा, योग्य मानक निवडलं, सतत कंपनांसाठीची कपातही केली आणि मीटर त्याच्याही खाली राहिला. तरी घराला तडा जाऊ शकतो का? जाऊ शकतो. एक उदाहरण मांडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी ठरवलेले आहेत, पण ते सगळे या क्षेत्रात रोज भेटणारे आहेत.

दुमजली, विटांच्या भारवाहक भिंतींचं घर. पाया जेमतेम एक मीटर खोल, खाली सहा मीटर सैल, ओली वाळू. शेजारी तळघरासाठी खोदायचं म्हणून घराच्या भिंतीपासून चार मीटरवर नऊ मीटर लांबीचे तीस पत्रे कंपक हॅमरने घालायचे. घराच्या पायावर जिओफोन, म्हणजे मीटरचा तिन्ही दिशांची हालचाल टिपणारा भाग, बसवलेला आहे. सर्वाधिक नोंद ४.२ मिमी/सेकंद, २८ हर्ट्झला. डीआयएनचं थोड्या वेळाच्या कंपनांचं मूल्य या वारंवारितेला ९.५ येतं. ब्रिटिश वक्ररेषा निम्मी केली तरी त्याहून वरच आहे. मीटर या दोन्ही मर्यादांच्या जवळ गेलेला नाही.

काम संपल्यावर पत्र्यांकडचा कोपरा १४ मिलिमीटर खाली गेलेला आहे आणि त्याच भिंतीचा पाच मीटर दूरचा कोपरा २ मिलिमीटर. फरक १२ मिलिमीटरचा, पाच मीटरात, म्हणजे सुमारे ४१७ ला १. स्केम्प्टन आणि मॅक्डोनाल्ड यांनी १९५६ साली पुष्कळ इमारतींच्या नोंदी पाहून भिंतींना तडे जायला लागण्याची मर्यादा ३०० ला १ आणि सुरक्षित राहायचं तर ५०० ला १ अशी काढली होती. आपलं घर या दोहोंच्या मधोमध आहे. त्यातच इमारतीचं टोक खाली वाकलं तर विटांच्या भिंतीला ते अधिक जड जातं. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारा तडा दिसला, तर नवल नाही.

हे कसं घडतं? सैल वाळू म्हणजे कणांची विस्कळीत रचना. डब्यात तांदूळ ओतून डबा हलवला की तांदूळ खाली बसतात, तसंच. पत्र्याला लागून असलेली वाळू घराच्या पायापेक्षा कितीतरी पट जोराने हलत असते आणि पत्रा खाली जाईल तशी ती हालचाल पूर्ण नऊ मीटर खोलीवर पोचते. मीटर मात्र वर, चार मीटर दूर बसलेला आहे. सहा मीटरांच्या थरात सरासरी पाव टक्काच घट झाली तरी पृष्ठभाग १५ मिलिमीटर खाली येतो. तीस पत्र्यांची मिळून पाच लाखांहून जास्त आवर्तनं होतात, आणि वाळू थोडीथोडी करत बसत जाते. घर कंपनांमुळे हादरून तडकलेलं नाही. त्याच्या खालचा आधार सरकला.

ही शक्यता कुणाला माहीत नव्हती असंही नाही. १९८५ साली लेसी आणि गूल्ड या अभियंत्यांनी वाळूत पाइल ठोकल्यामुळे खचलेल्या जागांचा आढावा घेतला. त्यात सुमारे २.५ मिमी/सेकंद इतक्या छोट्या कंपनांनाही खचणं घडलं होतं. हा आकडा घरांसाठी लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक मर्यादांच्या खाली आहे. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे : सैल वाळूवर कंपनाची मर्यादा आणि खचण्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करारात आणि परवान्यात दोन्ही वेगवेगळ्या लिहिल्या पाहिजेत आणि दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या पाहिजेत.

खचणं मोजायला काही अवघड यंत्र लागत नाही. घराच्या कोपऱ्यांवर आणि भिंतीच्या मध्यावर स्टडसारखे पक्के बिंदू बसवायचे आणि अचूक लेव्हलने त्यांची उंची काम सुरू होण्याआधी किमान दोन-तीनदा घ्यायची, म्हणजे मोजणीतली आपलीच चूक किती हे कळतं. मग काम चालू असताना दर दिवशी. एकच पथ्य कसोशीने पाळावं लागतं : ज्या बेंचमार्कवरून उंची मोजायची तो हलणाऱ्या जमिनीत नसावा. कामाच्या जागेच्या कुंपणाचा खांब बेंचमार्क धरला, तर घर आणि खांब दोघं बरोबरच खाली जातात आणि वहीत शून्य उमटतं. दूर, जमल्यास खोल पाया असलेल्या इमारतीवरचा बिंदू घ्यायचा.

या उदाहरणात रोज लेव्हल घेतली असती, तर सात-आठ पत्रे झाले तेव्हाच कोपरा तीन-चार मिलिमीटर खाली गेलेला दिसला असता. तेव्हा हॅमर थांबवून पद्धत बदलता आली असती. पत्रे हायड्रॉलिक दाबाने घालता येतात. चालू-बंद होताना मधल्या वारंवारितेतून जाणारं यंत्र बदलून अनुनाद टाळणारं यंत्र आणता येतं, मात्र वाळू बसण्यावर त्याचा उपाय अपुरा असतो. कधी पत्र्यांऐवजी बोअर केलेल्या पाइलांची भिंत करावी लागते. खर्च वाढतो, हे खरं. पण तो खर्च कुणी करायचा, हा प्रश्न आठव्या पत्र्याला विचारणं आणि तिसाव्या पत्र्यानंतर विचारणं, यांत फरक आहे.

आता मीटरकडे. तो निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. तो चुकीचा बसवला की निरुपयोगी होतो. जिओफोन इमारतीच्या पायावर, कंपनाच्या दिशेच्या बाजूला, घट्ट जोडलेला हवा. गवतावर नुसता ठेवलेला किंवा सैल फरशीवर बसलेला जिओफोन जमिनीची नाही, स्वतःची हालचाल सांगतो. कंपनाचं त्वरण गुरुत्वाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाईल अशी शक्यता असेल, तर जिओफोन नुसता ठेवून भागत नाही, तो जमिनीत पुरलेला किंवा पक्का जोडलेला बरा.

सगळ्यात मोठी फट असते ट्रिगरची. पेटी एका ठरावीक पातळीच्या वर कंपन गेलं तरच पूर्ण लाट नोंदवते. ती पातळी उंच लावली की आठवडाभर पेटीत काहीच येत नाही आणि अहवालात लिहिलं जातं : कंपन आढळलं नाही. बॅटरी संपली होती, तार निघाली होती, की जमीन खरोखर शांत होती, हे त्या कोऱ्या पानावरून कळत नाही. म्हणून लाटेबरोबरच दर मिनिटाचा सर्वाधिक वेग सलग नोंदवणारी पद्धत चालू ठेवायची असते. कुठल्या मिनिटाला कुठला पत्रा खाली जात होता, हे पत्रे घालण्याच्या नोंदवहीशी जुळवून पाहता आलं पाहिजे. ही दोन कागदपत्रं शेजारी ठेवल्याशिवाय अहवाल पडताळता येत नाही.

आणि ही कागदपत्रं शेजाऱ्याला मिळत नाहीत, हा माझा दुसरा आक्षेप. मीटर ठेकेदार लावतो, मोजणारी संस्था ठेकेदार नेमतो, अहवालाचा सारांश ठेकेदार देतो. मोजणारा खोटं लिहितो असं मला म्हणायचं नाही. मला भेटलेले बहुतेक मोजणारे प्रामाणिक आहेत. पण सारांशात काय घ्यायचं हे पैसे देणारा ठरवतो आणि कोरी पानं सारांशात येत नाहीत. ज्याच्या भिंतीवर पेटी बसली, त्याला रोजच्या नोंदी, कोऱ्या वेळांसह, मिळाल्या पाहिजेत.

ठेकेदारांची बाजूही इथे ऐकायला हवी, कारण ती नुसती पळवाट नाही. माणसाला ०.३ मिमी/सेकंदाचं कंपन घरात बसल्या बसल्या जाणवतं. म्हणजे घर तडकण्याच्या कितीतरी आधी माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस भिंतीकडे पहिल्यांदाच नीट बघतो. दहा वर्षांपूर्वीची भेग त्याला काल पडल्यासारखी दिसते. चार्ल्स डाउडिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या घरांतल्या भेगांवर सूक्ष्म मापकं बसवली, तेव्हा दिवसरात्रीच्या तापमानाने आणि हवेच्या ओलाव्याने भेगा जितक्या उघडमिट करत होत्या, तितक्या त्या सुरुंगांच्या धक्क्यांनीही करत नव्हत्या. खोट्या दाव्यांचा त्रास ठेकेदारांना खरोखर होतो.

म्हणून काम सुरू होण्याआधी घरांची पाहणी करणं दोघांच्याही हिताचं असतं. प्रत्येक खोली, प्रत्येक भेग, तिची लांबी, रुंदी, टोकं कुठे संपतात, आणि फोटो. पाहणी करणारा दोघांपैकी कुणाचाच माणूस नसावा. अशी पाहणी असेल तर नंतरचा वाद बराचसा भेगेचं वळण वाचूनच सुटतो. प्लास्टरमधली केसाएवढी, सांध्याच्या किंवा जुन्याच भेगेच्या टोकाला पुढे वाढलेली रेषा हादऱ्याची असू शकते. दुपारी उघडणारी आणि पहाटे मिटणारी भेग उन्हाची. पण तिरकी, विटांचे सांधे धरून पायऱ्यांनी चढणारी, वरच्या बाजूला रुंद होत जाणारी, आतून-बाहेरून दोन्हीकडे दिसणारी भेग आणि तिच्याजवळचा अडकणारा दरवाजा, हे सगळं पायाकडे बोट दाखवतं. अशा घराच्या मालकाला कंपनाचा अहवाल दाखवणं म्हणजे पोटदुखीच्या रोग्याला डोळे तपासल्याचा कागद देणं.

राहिला थांबवण्याच्या अधिकाराचा प्रश्न. आज बहुतेक कामांत इशाऱ्याची पातळी ओलांडली की ठेकेदाराच्या इंजिनिअरला संदेश जातो आणि पुढे काय करायचं ते तोच ठरवतो. त्याच्यावर वेळापत्रकाचं ओझं असतं आणि हॅमर भाड्याचा असतो. मी त्याच्या जागी असतो तर मलाही ‘अजून दोन पत्रे बघू’ असं वाटलं असतं. म्हणूनच हा निर्णय त्याच्या हाती ठेवायला नको. सैल वाळू आणि उथळ पाया असलेल्या घराशेजारी एवढंच लिहून ठेवावं : शेजारच्या कोपऱ्याची लेव्हल तीन मिलिमीटर खाली आली की त्या दिवसाचं ठोकणं बंद, आणि पुन्हा सुरू करायची सही मोजणाऱ्या स्वतंत्र अभियंत्याची. आठव्या पत्र्यानंतर दुपारी लेव्हल घेताना मोजपट्टीवर तो आकडा दिसला, की कुणाला फोन करून विचारायची गरज उरत नाही.